रिकाम्या हॉलमधलं भाषण : रेकॉर्डिंगमधला घुमारा कसा कमी करायचा

मंगल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये भाषण रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन ऐकलं की वक्ता विहिरीतून बोलतोय असं वाटायचं, ही तक्रार सारखी कानावर येते. मग शोध सुरू होतो तो सॉफ्टवेअरचा. कुणी नॉइज रिडक्शन लावतं, कुणी ट्रेबल वाढवतं, कुणी दोन्ही करतं आणि आवाज आणखी बिघडतो. यात चुकतो तो क्रम. घुमारा किती येणार याचा निकाल माइक कुठे आहे आणि वक्ता कुठे उभा आहे यावर, रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच लागलेला असतो. सॉफ्टवेअर फक्त शब्दांच्या मागे राहिलेली शेपटी थोडी छाटू शकतं.

म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. बिगरहंगामात मोकळं असलेलं मंगल कार्यालय, हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच, म्हणजे ढोबळमानाने ४० बाय २६ फूट आणि उंची १३ फूट. खाली फरशी, भिंतींना ऑइल पेंट, वर सिमेंटचा स्लॅब. एक निवृत्त शिक्षिका भूजलावर ३५ मिनिटं बोलणार आहेत आणि समोर श्रोते नाहीत. हाताशी एक कॅमेरा, एक कॉलर माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि कार्यालयाच्या मालकांनी उघडून दिलेली गाद्यांची खोली.

## टप्पा १ : आधी हॉल ऐका, मग ठरवा

हॉलमध्ये शिरल्यावर पंखे, एसी बंद करा, दारं-खिडक्या लावा आणि मधोमध उभं राहून एकच कडक टाळी वाजवा. दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकायच्या आहेत. टाळीनंतर आवाज लांबत लांबत विरत गेला, तर तो घुमारा. टाळी पुन्हा वेगळी, सुटी ऐकू आली किंवा 'टर्रर्र' असा कंप ऐकू आला, तर तो प्रतिध्वनी. हा फरक लक्षात ठेवणं गरजेचं आहे, कारण घुमाऱ्यावर नंतर थोडाफार इलाज चालतो, सुट्या प्रतिध्वनीवर जवळजवळ नाही. त्याचा बंदोबस्त जागेवरच करावा लागतो.

सुटा प्रतिध्वनी साधारण केव्हा जाणवतो? मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सुमारे ५० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की. तेवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. म्हणजे समोरची उघडी भिंत साडेआठ मीटरच्या पलीकडे असली की धोका सुरू. आपल्या हॉलमध्ये बाई मंचाकडच्या भिंतीपासून तीन मीटरवर उभ्या राहून लांबीच्या दिशेने बोलल्या, तर समोरची भिंत नऊ मीटरवर येते. म्हणजे सरळ उभं राहिलं तर तो येणारच.

घुमारा मोजायचा असेल तर फुगा फोडा किंवा लाकडी पाट फरशीवर सपाट आपटा आणि तो आवाज रेकॉर्ड करून Audacity या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडा. डावीकडच्या उभ्या मोजपट्टीवर राइट-क्लिक करून `Logarithmic (dB)` निवडा. धमाक्यानंतर पातळी ३० डीबीने खाली यायला किती वेळ लागला ते बघा आणि त्याची दुप्पट करा. आवाज ६० डीबीने विरायला लागणारा वेळ मिळतो. यासाठीचं जुनं आणि आजही उपयोगी पडणारं सूत्र असं आहे:

```
RT = 0.161 × V ÷ A
```

RT म्हणजे हाच विरण्याचा वेळ, सेकंदांत. V म्हणजे हॉलचं घनफळ, घनमीटरमध्ये. A म्हणजे आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. आपल्या हॉलचं घनफळ ३८४ घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून ३५२ चौरस मीटर, पण हे सगळे कडक पृष्ठभाग आवाजाचा पाच टक्के भागच शोषतात असं धरलं तर A भरतो अवघा १७.६. उत्तर येतं साडेतीन सेकंद. याच हॉलमध्ये शंभर माणसं बसली तर प्रत्येकाच्या अंगाचं आणि कपड्यांचं शोषण साधारण ०.४५ चौरस मीटर धरून A होतो ६२ च्या आसपास आणि वेळ एका सेकंदावर येतो. 'लग्नात तर इथला आवाज ठीक असतो' असं कार्यालयवाले सांगतात ते खोटं नसतं. त्या दिवशी वऱ्हाड आवाज शोषत असतं.

तपासणी : भाषण खरंच हॉलमध्येच रेकॉर्ड करायला हवं का? कॅमेऱ्यात वक्ता कमरेपर्यंतच दिसणार असेल, तर पाठीमागे हॉल आहे की खोली हे कुणाला कळणार नाही. गाद्या-उशांनी भरलेली खोली किंवा वधूपक्षाची खोली याच इमारतीत असते. तिथे टाळी वाजवून बघा. बहुतेक वेळा ती खोली हॉलला कितीतरी मागे टाकते. आयोजकांना मागे मंच आणि कमान दिसायलाच हवी असेल, तरच पुढचे टप्पे हॉलमध्ये करा.

## टप्पा २ : माइक तोंडाजवळ आणा

एवढी एकच गोष्ट नीट झाली आणि बाकी सगळं राहून गेलं, तरी रेकॉर्डिंग ऐकण्याजोगं होतं. उलट मात्र कधीच होत नाही.

कारण असं. वक्त्याचा थेट आवाज अंतराबरोबर झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झालं की सहा डीबी कमी. घुमारा मात्र हॉलभर सगळीकडे जवळपास सारखाच पसरलेला असतो. म्हणजे माइक जसजसा लांब जातो तसतसा थेट आवाज खाली येतो आणि घुमारा जागच्या जागी राहतो. एका ठराविक अंतरावर दोन्ही समसमान होतात. आपल्या हॉलमध्ये, वक्ता माइकच्या दिशेने बोलत असताना, हे अंतर दोन ते तीन फूट निघतं. त्याच्या पलीकडे ठेवलेला कोणताही साधा माइक वक्त्यापेक्षा हॉल जास्त रेकॉर्ड करतो.

आता नेहमीची पद्धत बघा. कॅमेरा किंवा मोबाइल ट्रायपॉडवर, वक्त्यापासून नऊ-दहा फुटांवर, आणि आवाज त्याच्याच माइकमधून. इथे घुमारा थेट आवाजापेक्षा सुमारे दहा डीबीने वर असतो. तोच माइक तोंडापासून सात इंचांवर आणला की थेट आवाज वीस डीबीहून जास्त वाढतो. कोणतंही सॉफ्टवेअर आवाज न बिघडवता एवढा फरक पाडू शकत नाही.

कॉलर माइक हनुवटीखाली सहा ते आठ इंचांवर, छातीच्या मध्यभागी लावा. तो खिशाजवळ किंवा पोटाशी गेला की अंतर दुप्पट झालंच. साडी असेल तर पदराच्या घडीत अडकवू नका, मान हलली की खरखर येते. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला चिमटा लावून वायरचा एक छोटा फास मागे चिकटपट्टीने बांधून ठेवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. कुडत्यावर दुसऱ्या बटणाची जागा बरोबर येते. मोबाइलला लावताना पिनवर तीन काळ्या रेघा आहेत ना ते बघा. दोन रेघांची पिन बऱ्याच मोबाइलना समजत नाही, मोबाइल गुपचूप स्वतःचाच माइक वापरतो आणि हे घरी गेल्यावर कळतं. रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकवर नखाने हलकं टकटक करा. हेडफोनमध्ये तो आवाज मोठा आला पाहिजे.

कार्यालयाचा हातातला माइक स्टँडवर लावून तोंडापासून तीन-चार इंचांवर ठेवला, तर तो या कामात फार चांगला ठरतो. दिसायला साधा असतो म्हणून लोक टाळतात. हा माइक समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा कमी घेतो, त्यामुळे माइकची पाठ हॉलकडे राहिली की मोकळ्या हॉलचा बराच घुमारा आपोआप गळतो. व्हिडिओत माइक दिसणं चालत असेल तर माझी पहिली पसंती यालाच.

लांब नळीचा शॉटगन माइक मात्र अशा हॉलमध्ये भरवशाचा नाही. त्याची नळी बाजूने येणारा आवाज कापते ते मोकळ्या मैदानात. घुमणाऱ्या जागेत चहूबाजूंनी परतून येणाऱ्या आवाजांपुढे, विशेषतः खालच्या सुरांत, तिचा फारसा उपयोग होत नाही. तो 'लांबून पकडतो' या समजुतीने सहा फुटांवर ठेवला की फसगत ठरलेली. हाच माइक असेल तर तो डोक्याच्या वर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, दीड फुटावर आणा आणि तोंडाकडे तिरका वळवा.

सावध : हॉलचे स्पीकर चालू ठेवून रेकॉर्डिंग करू नका. समोर श्रोते नसताना स्पीकर म्हणजे घुमारा तयार करणारं यंत्रच. कार्यालयाच्या मिक्सरमधून `REC OUT` घेत असाल तर मुख्य फेडर खाली ओढून स्पीकर बंद करू नका. बऱ्याच छोट्या मिक्सरवर त्याच्याबरोबर `REC OUT` ची पातळीही खाली जाते. अ‍ॅम्प्लिफायरच बंद करा.

## टप्पा ३ : वक्त्याची जागा

मंच वापरायचा मोह होतो. पण बऱ्याच कार्यालयांत मंच पोकळ, फळ्यांचा असतो. पाय हलले की ढब्-ढब् येतं. मागची भिंतही अगदी जवळ असते. मागे मंच दिसायला हवा असेल तर वक्त्याला मंचाच्या पुढे, खाली फरशीवर उभं करा. मंच पार्श्वभूमीत राहतो आणि आवाजातून निघून जातो.

हॉलच्या बरोबर मधोमध नको, कोपऱ्यातही नको. मधोमध दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतणारा आवाज एकाच वेळी येऊन पोचतो. कोपऱ्यात आवाजाचा खालचा भाग फुगतो आणि पुरुषी आवाज तर घशातून आल्यासारखा होतो. रुंदीचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून उभं राहणं बरं.

शेवटचा बदल फुकटचा आहे आणि क्वचितच कुणी करतं. वक्ता आणि कॅमेरा मिळून दहा-पंधरा अंश तिरके वळवा. मग समोरच्या भिंतीवर आदळलेला आवाज सरळ माइककडे न येता बाजूला जातो. नऊ मीटरवरच्या भिंतीचा जो सुटा प्रतिध्वनी आपण धरला होता, तो इथे बोथट होतो.

तपासणी : ठरलेल्या जागी उभं राहून पुन्हा टाळी वाजवा. 'टर्रर्र' अजून येत असेल तर एक-दोन पावलं सरका आणि परत ऐका. जागा सापडली की फरशीवर चिकटपट्टीची खूण करा.

## टप्पा ४ : गाद्या कुठे लावायच्या

डेकोरेटरचं सॅटिनचं कापड भिंतीभर सोडलं म्हणजे आवाज शोषला जातो, ही समजूत सगळीकडे आहे. पातळ कापडातून आवाज आरपार जातो, भिंतीवर आदळतो आणि परत येतो. अंड्यांचे ट्रे तसेच निरुपयोगी. अर्ध्या इंचाचा फोम फक्त अगदी वरचे सूर खातो. त्याने 'स', 'श' मंद होतात आणि मधला घुमारा तसाच राहतो, म्हणून आवाज आधीपेक्षा दबका वाटतो. बोलण्यातला घुमारा मुख्यतः मधल्या आणि खालच्या सुरांत असतो. तो शोषायला जाडी लागते आणि भिंतीपासून अंतर लागतं.

कापसाची गादी या कामाला उत्तम. वऱ्हाडासाठी ठेवलेल्या सहा बाय तीन फुटांच्या दहा गाद्या मागून घ्या. गादी भिंतीला टेकवू नका. भिंत आणि गादी यांत सहा-आठ इंच पोकळी ठेवली की तीच गादी जास्त खालचे सूर शोषते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या उंच चळती करून त्यांना गाद्या उभ्या टेकवा आणि सुतळीने बांधा. नुसत्या टेकवलेल्या गाद्या भाषणाच्या मध्यात हमखास घसरतात.

दहा गाद्यांची वाटणी मी अशी करतो. चार गाद्या वक्त्याच्या मागे, चार-पाच फुटांवर. पुढचा माइक वक्त्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तो वक्त्याच्या पाठीमागचा भागही तितक्याच उत्साहाने ऐकतो. मागून परत येणारा आवाज अडवणं म्हणून सर्वांत महत्त्वाचं. फ्रेममध्ये दिसत असतील तर वरून गडद घोंगडी किंवा जाड पडदा टाका. मागे मंच दिसायलाच हवा असेल तर त्या चार गाद्या दोन-दोन करून फ्रेमच्या दोन्ही कडांच्या जेमतेम बाहेर, वक्त्याच्या मागच्या अंगाला आणा. दोन डाव्या आणि दोन उजव्या हाताला, फ्रेमच्या बाहेर पण शक्य तितक्या जवळ. उरलेल्या दोन कॅमेऱ्याच्या मागे, वक्त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतील अशा, कारण वक्त्याचा आवाज सर्वांत जोरात तिकडेच जातो. पायाखाली आणि माइकच्या खाली सतरंज्या दुहेरी घडी घालून अंथरा.

यातून किती फरक पडेल तेही सांगतो. दहा गाद्यांचं शोषण सूत्रात मिळवलं तर साडेतीन सेकंदांचा घुमारा दोन सेकंदांच्या जरा खाली येतो. हॉलचा स्टुडिओ होत नाही. पण गाद्या जवळ असल्यामुळे माइकपर्यंत पहिल्यांदा पोचणारे, सर्वांत जोराचे परतीचे आवाज तुटतात, आणि 'खोलीत बोलतंय' हा भास त्यांच्यामुळेच जास्त होत असतो. म्हणून त्याच गाद्या चार भिंतींना विखरून लावण्यापेक्षा वक्त्याभोवती गोळा करणं फायद्याचं.

सावध : हॅलोजनचा दिवा कापसाच्या गादीजवळ आणू नका. एलईडी दिवे वापरा, आणि तेही गाद्यांपासून हात-दीड हात लांब. बाहेर जायचं दार गाद्यांनी अडवू नका.

## टप्पा ५ : लेव्हल आणि चाचणी

इथे मोबाइल आणि कॅमेरे एक घोळ घालतात तो म्हणजे आपोआप लेव्हल लावणं. वक्ता बोलतो तेव्हा उपकरण आवाज खाली धरतं. तो थांबला की 'आवाज कमी झाला' असं समजून ते लेव्हल वर चढवतं आणि नेमक्या त्याच क्षणी विरत चाललेला घुमारा फुगून वर येतो. प्रत्येक वाक्यानंतर हॉल 'हुऽऽ' करत वर येत असेल तर कारण बहुधा हेच. कॅमेऱ्यात ऑडिओ लेव्हल मॅन्युअल करा. मोबाइलवर मॅन्युअल लेव्हल देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरा. ते जमत नसेल तर आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या.

फाइल WAV, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. वक्ता सर्वांत जोरात बोलेल तेव्हा काटा -12 dB च्या आसपास यावा.

मग अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या. वक्त्याला दोन-तीन खरी वाक्यं बोलायला सांगा आणि मध्येच 'चटकन थांब' हे शब्द म्हणून तीन सेकंद पूर्ण गप्प राहायला सांगा. 'ब' वर ओठ मिटतात तिथे आवाज झटकन तुटतो, म्हणून मागची शेपटी स्वच्छ ऐकू येते. ही चाचणी हेडफोनवरच ऐका, कॅमेऱ्याच्या छोट्या स्पीकरवर नाही. शेपटी ऐकू येत असली पण शब्दापेक्षा स्पष्ट खालच्या पातळीवर असेल, तर पुढे जा. पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या शेपटीत बुडत असेल तर थांबा आणि टप्पा २ पुन्हा तपासा. दहातल्या नऊ वेळा माइक लांब गेलेला असतो.

## टप्पा ६ : बोलताना

रिकाम्या हॉलमध्ये माणूस नकळत आवाज चढवतो, कारण समोरची शेवटची खुर्ची त्याला दिसत असते. आवाज चढवल्याने घुमारा कमी होत नाही. थेट आवाज जितका वाढतो तितकाच घुमाराही वाढतो, प्रमाण तेच राहतं. फरक पडतो तो गतीने. कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस खुर्ची टाकून बसवा आणि सांगा, "बाई, फक्त यांच्याशी बोला. आणि वाक्य संपलं की एक श्वास थांबा." आवाज आपोआप गप्पांच्या पातळीवर येतो आणि तो एक श्वास पुढे संपादनात सोन्यासारखा उपयोगी पडतो.

पंखे बंदच ठेवा. ३५ मिनिटं सलग उकाड्यात उभं राहणं अवघड, म्हणून दहा-बारा मिनिटांचे तीन भाग करा आणि मधल्या वेळात पंखे लावा. प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्यांना जागेवर गप्प उभं करून वीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. पुढे हिच्याशिवाय अडतं.

## टप्पा ७ : संपादन, याच क्रमाने

मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ बाजूला ठेवा. आवाज व्हिडिओच्या फाइलमध्येच असेल तर तो असा वेगळा करा:

```
ffmpeg -i bhashan.mp4 -vn -ac 1 -ar 48000 bhashan.wav
```

७.१ एकच माइक ठेवा. कॉलर माइकचा आवाज आणि कॅमेऱ्याचा आवाज दोन्ही चालू ठेवून 'भरीव' करायला जाऊ नका. कॅमेऱ्याच्या आवाजात घुमाराच जास्त आहे आणि तो नऊ फुटांचं अंतर कापून काही मिलिसेकंद उशिरा आलेला आहे. दोन्ही मिसळले की आवाज पोकळ होतो. कॅमेऱ्याचा आवाज ओठांशी जुळवून घेण्यापुरता वापरा, जुळला की म्यूट करा.

७.२ खालचा भाग कापा. `High-Pass Filter`, ८० हर्ट्‌झ, स्त्रीचा आवाज असेल तर १००. गाद्यांनी न शोषलेला खोल गुरगुराट इथे जातो.

७.३ सततची सूंऽ असेल तरच नॉइज रिडक्शन. शांततेचा तुकडा निवडून `Get Noise Profile` करा आणि `Noise reduction (dB)` सहावर ठेवा, फार तर आठ. घुमारा म्हणजे नॉइज नव्हे. तो वक्त्याचाच आवाज आहे, उशिरा आलेला. म्हणून हे साधन त्याला ओळखत नाही, आणि जोर वाढवला की मूळ आवाजच खरवडून काढतं.

७.४ आता घुमारा. Adobe Audition मध्ये `DeReverb` आणि Premiere Pro च्या Essential Sound मध्ये `Reduce Reverb` अशी स्वतंत्र साधनं आहेत. आधी पट्टी इतकी वाढवा की आवाज उघडपणे बिघडेल, मग हळूहळू मागे आणा आणि बिघाड ऐकू येईनासा झाला त्याच्याही थोडं मागे थांबा. असं केलं की बिघाड नेमका कसा वाटतो हे कानाला आधी कळलेलं असतं.

असं साधन नसेल तर Audacity मधला `Noise Gate` हलक्या हाताने वापरता येतो. तो बोलण्याच्या खालचा घुमारा काढत नाही, फक्त दोन वाक्यांमधली शेपटी दाबतो. पण कानाला खटकते ती बरीचशी तीच. सुरुवातीला या आकड्यांवर ठेवा:

```
Gate threshold (dB):   -38
Level reduction (dB):  -8
Attack (ms):           10
Hold (ms):             100
Decay (ms):            250
```

`Gate threshold` हा आकडा तुमच्या फाइलनुसार बदलणार. शेपटीची पातळी मोजपट्टीवर वाचा आणि तिच्या तीन-चार डीबी वर ठेवा. `Level reduction` मात्र -8 च्या खाली नेऊ नका. -24 ला शेपटी पूर्ण तुटते आणि प्रत्येक वाक्यानंतर जणू वीज गेल्यासारखी शांतता येते. ते मूळ घुमाऱ्यापेक्षा जास्त खटकतं.

तपासणी : मराठीत शब्दाच्या शेवटी हळू बोलल्या जाणाऱ्या गोष्टी फार असतात आणि गेट पहिल्यांदा त्याच खातो. 'विहिरीतच पाणी आहे' मधला 'च', 'तेही' मधला 'ही', 'केलंस' मधला 'स' नीट ऐका. भूजलाच्या भाषणात 'पावसाळ्यातच' चं 'पावसाळ्यात' झालं तर वाक्याचा अर्थच फिरतो. असं होत असेल तर `Hold` दीडशेपर्यंत वाढवा किंवा `Gate threshold` आणखी खाली न्या.

७.५ मग इक्वलायझर. ३०० हर्ट्‌झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी करा, तिथे हॉलचा मंदपणा साचतो. स्पष्टता हवी म्हणून ट्रेबल चढवायची घाई नको. गाद्यांमुळे घुमाऱ्याचा वरचा भाग आधीच कमी झालेला असतो. उरलेला मधला भाग कापला की स्पष्टता येते.

७.६ कॉम्प्रेसर सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा. २:१ पुरे. कॉम्प्रेसर मोठे आवाज खाली आणतो, मग सगळंच वर उचललं जातं आणि त्याबरोबर शेपटीही. ७.४ च्या आधी कॉम्प्रेसर लावणं ही संपादनातली सर्वांत सामान्य चूक आहे. मोबाइलच्या आपोआप लेव्हलने जे झालं असतं तेच आपण हाताने करून बसतो.

७.७ `Loudness Normalization` मध्ये -16 LUFS ठेवा. LUFS म्हणजे कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप. फाइल मोनो असेल तर `Treat mono as dual-mono` वर खूण असू द्या.

वाक्यं कापली असतील तर त्या जागी कोरी शांतता भरू नका. टप्पा ६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या वीस सेकंदांतला तुकडा टाका. त्या तुकड्यावरही ७.२ ते ७.७ तेच सगळं, भाषणाच्याच फाइलमध्ये ठेवून एकत्र, केलेलं असलं पाहिजे, नाहीतर जोड ऐकू येतो.

## टप्पा ८ : ऐकून निकाल

आधीचा आणि नंतरचा आवाज शेजारी ठेवून ऐकताना दोन्हींची पातळी सारखी करा. जो मोठा तो चांगला वाटतो, आणि या फसव्या भावनेवर कितीतरी वाईट संपादनं पसंत केली जातात. एकदा हेडफोनवर ऐका, एकदा मोबाइलच्या स्पीकरवर. हेडफोनवर शेपटी आणि शब्दांची तुटलेली टोकं सापडतात. मोबाइलवर शब्द कळतो की नाही ते कळतं, आणि बहुतेक लोक ऐकणार तिथेच.

आवाज पाण्याखालून आल्यासारखा किंवा 'स', 'श' वर चिरचिर असा झाला असेल, तर ७.३ किंवा ७.४ मध्ये जोर जास्त झाला आहे. एका वेळी एकच पायरी बंद करून ऐका, दोषी लगेच सापडते. थोडा घुमारा राहिलेला, पण शब्द सगळे शाबूत असलेला आवाज लोक दोन मिनिटांत विसरून जातात आणि विषय ऐकू लागतात. खरवडलेला आवाज ३५ मिनिटं सोसवत नाही. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी नेहमी घुमारा राहू देतो.

मूळ, काहीही न केलेल्या फाइलमध्येच शब्द एकमेकांत मिसळत असतील किंवा समोरच्या भिंतीवरून दुसरा आवाज सुटा ऐकू येत असेल, तर संपादनावर रात्र घालवू नका. त्या भागाचं रेकॉर्डिंग पुन्हा करा. म्हणून गाद्या लगेच उचलू नयेत. पहिला भाग झाला की तिथेच लॅपटॉपवर पाच मिनिटांचा तुकडा ऐका, गाद्यांची आणि माइकची मांडणी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा, फरशीवरच्या खुणा तशाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी एक भाग परत घ्यावा लागला, तर त्याच खुणांवर उभं राहून घेतलेला आवाज आधीच्या भागांशी जुळतो. नाहीतर भाषणाच्या मधोमध हॉल बदलल्यासारखं ऐकू येतं.